मायाळू जोडीदार ओळखायचा कशावरून?

प्रश्न: जोडीदारात लोक सगळ्यात जास्त किंमत मायाळूपणाला देतात असं वाचलं. असं का? आणि रोजच्या वागण्यात तो ओळखायचा कसा? माझा नवरा जगाशी फार चांगला वागतो, माझ्याशीही कधी आवाज चढवून बोलत नाही, तरी मला घरात एकटं वाटतं. माझ्याच अपेक्षा जास्त आहेत का?

उत्तर:

अपेक्षा जास्त नाहीत. आवाज न चढवणं हा शांत स्वभाव झाला आणि जगाशी चांगलं वागणं हा सभ्यपणा झाला. दोन्ही चांगलेच. पण ज्या गुणाला लोक एवढा मान देतात तो यांच्या शेजारी राहत असला तरी वेगळा आहे. समोरच्याला आत्ता काय हवंय हे लक्षात येणं आणि त्यासाठी आपल्या हातातलं थोडं काही बाजूला ठेवणं, एवढ्या दोनच गोष्टी त्यात असतात. माणूस अतिशय शांत असू शकतो आणि या दोन्ही गोष्टी करत नाही, असंही असू शकतं. जोडप्यांचं समुपदेशन करताना अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिथे भांडण नसतं, आणि म्हणूनच तक्रार काय करायची हेच कळत नाही.

तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ बहुतेक डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाच्या पाहणीत असावं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ३३ देशांतल्या ३७ गटांमधून दहा हजारांवर लोकांना जोडीदाराविषयी विचारलं होतं. त्यात तेरा गुणांची एक यादी होती आणि त्यांचा क्रम लावायचा होता. 'दयाळू आणि समजूतदार' हा गुण बहुतेक ठिकाणी सगळ्यात वर आला, आणि पुरुषांच्या यादीतही तसाच आला. रूप आणि कमाई यांच्या बाबतीत स्त्री-पुरुषांच्या उत्तरांत फरक दिसला, या गुणाच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. एक गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. त्याच पाहणीत अठरा गुणांची दुसरी यादीही होती आणि तिच्यात परस्परांविषयीचं आकर्षण आणि प्रेम, भरवशाचा स्वभाव, भावनिक स्थैर्य अशा गोष्टी वर आल्या. त्या यादीत दयाळूपणा हा पर्यायच नव्हता. तेव्हा 'जगात पहिला नंबर' वगैरे म्हणताना थोडं सबुरीनं घ्यावं. तरी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चित्र एकच दिसतं. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं त्याचा स्वभाव आपल्या बाजूचा आणि भरवशाचा असावा, हे माणसाला सगळ्यात आधी हवं असतं.

पुढे २००२ मध्ये नॉर्मन ली आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न जरा खोचक पद्धतीनं विचारला. नुसता क्रम लावायला सांगितलं की सगळेच भलं बोलतात. म्हणून त्यांनी लोकांना मोजकेच लुटुपुटीचे पैसे दिले आणि त्यातून एकेक गुण विकत घेऊन जोडीदार 'घडवायला' सांगितलं. हात आखडता घ्यायची वेळ आली की माणूस खरं काय ते सांगतो. तिथे पुरुषांनी रूपावर आणि स्त्रियांनी सामाजिक स्थान वा मिळकतीवर आधी खर्च केला, हे खरं. पण मायाळूपणा आणि बुद्धी या दोन गोष्टी दोघांनीही चैनीच्या नव्हे, गरजेच्या खात्यात टाकल्या.

आता हे का, याकडे येते. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हे, की जोडीदाराचे बाकीचे गुण कुणाच्या बाजूनं वापरले जाणार ते हा एक गुण ठरवतो. तल्लख स्मरणशक्ती घ्या. एकाची स्मरणशक्ती 'गुरुवारी तुझी डॉक्टरांची वेळ आहे ना, मी लवकर येतो' यासाठी खर्च होते. दुसऱ्याची स्मरणशक्ती चार वर्षांपूर्वी तुम्ही रागात काय बोलला होतात, ते शब्दन् शब्द आजच्या भांडणात आणण्यासाठी खर्च होते. विनोदबुद्धीचं तेच. ती ताण हलका करते किंवा चारचौघांत तुमची खिल्ली उडवते. पैसा तुम्हाला निवांतपणा देतो किंवा प्रत्येक खर्चाचा जाब विचारायचं हत्यार होतो. हुशार, कर्तबगार, देखण्या माणसाबरोबर राहून कुढणारी माणसं याच फरकामुळे कुढत असतात.

दुसरं कारण वेळेशी बांधलेलं आहे. पाच-दहा वर्षं एकत्र राहिलं की समोरच्याची प्रत्येक दुखरी जागा आपल्याला तोंडपाठ होते. वडिलांशी न पटणं, वजनाचा न्यूनगंड, हातून सुटलेली नोकरी, सगळं ठाऊक असतं. ही माहिती जवळिकीतूनच मिळते आणि ती परत घेता येत नाही. शिवाय आजारपण, बेकारी, तान्हं मूल, म्हातारपण यांपैकी काही ना काही वाट्याला येतंच, आणि तेव्हा आपण समोरच्याच्या पूर्ण हातात असतो. अशा वेळी तो कसा वागेल याचा अंदाज आपण आजच्या बारीकसारीक वागण्यावरूनच बांधत असतो. तो कधी मुद्दाम बांधावा लागत नाही, आपसूक बांधला जातो. 'काही झालेलं नाही, तरी असुरक्षित वाटतं' असं माझ्यासमोर बसून कुणी म्हणतं, तेव्हा बहुधा हा अंदाजच त्यांना काहीतरी सांगत असतो.

तुमच्या प्रश्नातला 'जगाशी फार चांगला वागतो' हा भागही कुणाच्या नजरेतून सुटलेला नाही. २०१० मध्ये ल्युकाशेव्स्की आणि रोनी या दोघांनी नेमकं हेच तपासलं, की मायाळू जोडीदार हवा म्हणणाऱ्यांना तो कुणाशी मायाळू हवा असतो? उत्तर माणसाला शोभेलसंच निघालं. लोकांना तो गुण स्वतःशी आणि आपल्या जवळच्यांशी वागताना सगळ्यात जास्त हवा होता, परक्यांशी वागताना त्याची मागणी बरीच कमी होती. मी याला स्वार्थ म्हणणार नाही. सगळ्यांच्या मदतीला धावणाऱ्या माणसाचा वेळ आणि अंगातलं बळ कुठून तरी येत असतं, आणि ते बहुतेक वेळा घरातून वजा होतं. बाहेर कुणाला 'नाही' म्हणता न येणं हा एक स्वभाव आहे. त्यात भीतीचा वाटा मोठा असतो, मायेचा असेलच असं नाही. अशा माणसाला घरी 'नाही' म्हणणं मात्र सोपं जातं, कारण घरचे सोडून जाणार नाहीत याची खात्री असते.

मग मायाळूपणा दिसतो कुठे? वाढदिवसाला, आजारपणात, मोठ्या भेटवस्तूत दिसतो तो फारसा कामाचा पुरावा नव्हे. त्या प्रसंगी कसं वागायचं हे सगळ्यांना माहीत असतं आणि बघणारेही असतात. बघायला हवा तो दिवसातला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचा व्यवहार, जो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांना एका सदनिकेसारख्या प्रयोगशाळेत राहायला बोलावून त्यांचं साधं रोजचं वागणं चित्रित केलं होतं. त्यांच्या पाहण्यात आलं की माणसं दिवसभर एकमेकांना छोट्या छोट्या हाका मारत असतात. 'बाहेर बघ, काय आभाळ आलंय.' 'आज पाठ धरलीये.' 'हे वाचलंस का?' यात माहिती फारशी नसतेच. 'आहेस ना इकडे?' एवढंच त्या हाकेत असतं. ऐकणारा तीनपैकी काहीतरी एक करतो. ओ देतो, दुर्लक्ष करतो, किंवा खेकसतो. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी त्या काळात साधारण ८६ टक्के हाकांना ओ दिली होती, आणि जी विभक्त झाली त्यांनी ३३ टक्के, असं गॉटमन सांगतात. कुठलं जोडपं विभक्त होईल या त्यांच्या भाकितांच्या अचूकतेवर इतर संशोधकांनी बरेच आक्षेप घेतले आहेत, त्यामुळे हे आकडे कुणी आपल्या घराला फूटपट्टीसारखे लावू नयेत. 'काल माझ्या दहातल्या सहाच हाकांना ओ मिळाली' असा हिशेब मांडणारी जोडपी येतात माझ्याकडे. तो हिशेबच मग भांडणाचं नवं निमित्त होतो. आकडा सोडा, फरक कुठे पडतो तेवढं घ्या.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नाला नऊ वर्षं झालेलं जोडपं. त्याचा स्वभाव शांत, व्यसन नाही, घरातली कामं न सांगता करणारा. तिची तक्रार तुमच्यासारखीच होती, 'कोरडं वाटतं.' त्याला ही तक्रारच कळत नव्हती. मी त्यांना आदल्या आठवड्यातली एखादी साधी संध्याकाळ, जिच्यात काहीच घडलं नाही अशी, संवादांसह सांगायला लावली. अगदी कोण कुठे बसलं होतं इथपासून.

ती कामावरून आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "अखेर त्या क्लायंटनं होकार दिला."

तो सोफ्यावर, हातात मोबाइल. वर न बघता म्हणाला, "अरे वा." मग दोनेक सेकंदांनी, "आता काम वाढणार म्हणजे तुझं."

ती म्हणाली, "हो, वाढेल." आणि आत गेली.

संपलं. कुणी कुणाला दुखावलं नाही. त्यानं तर तिच्या काळजीपोटीच काम वाढण्याचं बोललो असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्या महिन्यात तिनं त्याला दिलेली ही एकुलती एक मोठी आनंदाची बातमी होती, आणि ती दोन वाक्यांत विझली. त्यानंतर ऑफिसातलं काहीच सांगायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं. सांगणं हळूहळू बंद झालं, एवढंच.

चांगल्या बातमीला जोडीदार कसा प्रतिसाद देतो यावर शेली गेबल यांचं २००४ पासूनचं काम आहे आणि मला रोजच्या कामात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. त्यांनी प्रतिसादांचे चार प्रकार केले. पहिल्यात माणूस मनापासून रस घेतो, विचारतो, बातमी आणखी फुलवतो. दुसऱ्यात तो 'छान' म्हणून थांबतो. तिसऱ्यात बातमीतली खोट काढतो. चौथ्यात विषयच बदलतो. नात्याच्या समाधानाशी चांगला संबंध दिसला तो फक्त पहिल्या प्रकाराचा. दुसरा प्रकार, म्हणजे शांत, सभ्य 'छान', निरुपद्रवी वाटतो. पण त्याचंही पारडं बाकीच्या दोघांच्याच बाजूला झुकलेलं निघालं. वर सांगितलेल्या नवऱ्याचा प्रतिसाद दुसऱ्यानं सुरू झाला आणि तिसऱ्यावर संपला. २००६ च्या पुढच्या अभ्यासात तर असं दिसलं, की नातं कसं आहे याचा अंदाज वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादावरून जास्त बरा बांधता येतो. मला हे पटतं. दुःखात मदत करताना मदत करणाऱ्याचं स्थान आपोआप वरचं असतं, त्यामुळे ते तुलनेनं सोपं. दुसऱ्याच्या यशात, आपला काही वाटा नसताना, अर्धा मिनिट निखळ रस घेणं जास्त अवघड आहे. आपला दिवस वाईट गेला असेल तर फारच.

त्या नवऱ्याला मी एकच गोष्ट करायला सांगितली. ती काही सांगायला लागली की मोबाइल उलटा ठेवायचा आणि आधी एक प्रश्न विचारायचा. सल्ला, काळजी, हिशेब त्यानंतर. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'हो-नाही' मध्ये संपू नये. 'तो होकार देताना काय म्हणाला?' चालेल. 'पैसे कधी येणार?' चालणार नाही, कारण त्यात प्रश्न त्याचा आहे, तिचा नाही. पहिल्या आठवड्यात हे फार कृत्रिम वाटलं, असं दोघांनीही सांगितलं. ती तर म्हणाली, "तुम्ही सांगितलंय म्हणून विचारतोय हे कळत होतं मला." तरी ती उत्तर देत होती. सवयी अशाच ओबडधोबड सुरू होतात. एका बैठकीत त्यानं मी न विचारता सांगितलं, की तिच्या टीममधल्या माणसांची नावं त्याला पहिल्यांदाच माहीत झाली आहेत. नऊ वर्षांत.

पण गोष्ट इथे एकतर्फी ठेवली तर त्याच्यावर अन्याय होईल. मी दोघांना आठवडाभर वेगवेगळ्या वहीत दोन रकाने लिहायला सांगितले होते. आज मी तिच्यासाठी किंवा त्याच्यासाठी काय केलं, आणि आज त्यानं किंवा तिनं माझ्यासाठी काय केलं. एकमेकांना दाखवायचं नाही. वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा त्याच्या पहिल्या रकान्यातल्या कित्येक गोष्टी तिच्या दुसऱ्या रकान्यात नव्हत्याच. तो रोज रात्री तिचा मोबाइल चार्जिंगला लावत होता. पाऊस असला की तिची गाडी आत घेत होता. तिच्या आईच्या औषधांची ऑर्डर तो आठवणीनं टाकत होता, आणि ती औषधं वेळेवर कशी येतात हा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

हे काही तिचंच वैगुण्य नव्हे. रॉबिन्सन आणि प्राइस यांनी १९८० मध्ये जोडप्यांच्या घरात प्रशिक्षित निरीक्षक पाठवून एकमेकांना सुखावणारी कृत्यं मोजली होती आणि जोडप्यांनाही मोजायला सांगितली होती. सुखी जोडप्यांची मोजणी निरीक्षकांशी बऱ्यापैकी जुळली. दुःखी जोडप्यांच्या मोजणीतून मात्र जवळजवळ निम्मी कृत्यं गळाली होती. म्हणजे नातं बिघडलं की आधी नजर बिघडते, आणि त्यामुळे केलेलंही पोहोचत नाही. म्हणून 'तो मायाळू नाही' असा निकाल देण्याआधी ही वही एकदा लिहून पाहावी असं मी सगळ्यांना सांगते. कधी कधी वही लिहूनही दुसरा रकाना खरोखरच रिकामा राहतो, आणि तेव्हा निकाल द्यायला हरकत नसते.

न दिसणाऱ्या मदतीचं आणखी एक अंग आहे. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशी जोडपी घेतली होती, ज्यांच्यातला एक जण न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देणार होता. दोघांनीही रोज डायरी लिहिली. जोडीदारानं 'आज मी आधार दिला' असं लिहिलं, पण परीक्षार्थीनं 'आज आधार मिळाला' असं लिहिलं नाही, त्या दिवसांचा परिणाम सगळ्यात चांगला दिसला. जो आधार परीक्षार्थीच्या लक्षात आला, त्यानं ताण कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. कारण समजण्यासारखं आहे. 'तू अभ्यास कर, आज सगळं मी बघतो' असं जाहीर केलं की समोरच्याला आपण कमी पडतोय हेही ऐकू येतं, वर उपकाराचं ओझं. तेच काम न बोलता करून टाकलं की फक्त ओझं हलकं होतं. जोडीदाराकडे बघताना हा एक चांगला निकष आहे, की त्याची मदत किती वेळा बोलून दाखवली जाते? महिन्याभरानं 'मी तुझ्यासाठी एवढं केलं' असं बिल येतं का? येत असेल तर ती मदत उधारीवर दिलेली होती.

मात्र सगळीच माया अदृश्य असून चालत नाही, हे त्या चार्जिंगवाल्या नवऱ्यावरून दिसतंच. ताणाच्या काळात न बोलता केलेलं काम उत्तम. पण रस, कौतुक आणि स्पर्श या गोष्टी दिसल्या नाहीत तर त्या झाल्याच नाहीत. त्याचा सगळा मायाळूपणा कामांत गेला होता आणि लक्ष देण्याच्या खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. तिचं उलट होतं. ती बोलायची भरभरून, विचारायची, पण त्यानं केलेल्या कामाबद्दल एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. मी तिला सांगितलं ते इतकंच, की दिवसातून एकदा त्यानं केलेली एखादी गोष्ट नाव घेऊन बोलायची. 'थँक्यू' पुरेसं नाही. 'गाडी आत घेतलीस, सकाळी सीट कोरडी होती' असं.

भांडणातल्या सवयींवर थोडंच लिहिते, कारण नवरा आवाज चढवत नाही असं तुम्ही म्हणता. भांडणात मायाळूपणा बोललेल्या शब्दांपेक्षा गिळलेल्या शब्दांत जास्त असतो. हाताशी असलेला सगळ्यात धारदार मुद्दा माहीत असून तो वापरायचा नाही, ही एक सवय. 'तू नेहमीच' च्या जागी 'काल तू' म्हणायचं, ही दुसरी. गॉटमन यांच्या कामात नातं मोडण्याचा सगळ्यात ठळक इशारा रागात दिसला नव्हता, तुच्छतेत दिसला होता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, 'तुला नाही कळायचं ते' असं हसून म्हणणं. त्यामुळे दणादणा भांडणारं पण एकमेकांना कमी न लेखणारं जोडपं मला कोमट शांततेत छद्मी बोलणाऱ्या जोडप्यापेक्षा कमी काळजीचं वाटतं.

आता तुमच्या घराबद्दल. नवऱ्याचं लक्ष नाही की त्याला आस्थाच नाही, हे बाहेरून सारखंच दिसतं आणि त्यातला फरक ओळखायला एक साधी रीत आहे. आपल्या हाका बऱ्याचदा इतक्या आडून मारलेल्या असतात की त्या टोमण्यासारख्या ऐकू येतात. 'तुला काय, तू आपला मोबाइलमध्ये' यातली हाक मला ऐकू येते, तुमच्या नवऱ्याला आरोप ऐकू येतो. तेव्हा दोनेक आठवडे हाक सरळ मारून पाहा. 'मला एक गोष्ट सांगायचीये, पाच मिनिटं लागतील, आत्ता जमेल का?' इतकी सरळ. आणि उत्तर काय येतं यापेक्षा पुढचं काय होतं ते बघा. 'आत्ता नाही, हे संपवून अर्ध्या तासात येतो' असं म्हणून जो खरंच येतो, त्याला आस्था आहे, फक्त हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. अशी माणसं लवकर बदलतात. थकवा, नैराश्य, ऐकू कमी येणं, लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास यांमुळेही ओ येत नाही, आणि त्यावर उपाय वेगळे असतात. आस्था नसणं हे त्यांचं कारण नव्हे.

सरळ मारलेल्या हाकेवर जर 'आता काय नवीन' असा सुस्कारा येत असेल, तुम्ही सांगितलेली गोष्ट नंतर चारचौघांत थट्टेचा विषय होत असेल, किंवा तुम्ही 'नाही' म्हटल्यावर दोन-दोन दिवस अबोला मिळत असेल, तर त्याच्या शांत स्वभावाच्या भरवशावर राहू नका. तुमचा 'नाही' तो कसा घेतो याला मी फार वजन देते. हवं ते मिळत असताना सगळेच गोड असतात. लग्न ठरवायच्या बेतात असलेल्यांनाही मी हेच सांगते. वेटर-ड्रायव्हरशी कसा वागतो हे जरूर बघा, पण तुम्ही ठरलेला बेत मोडला, तुम्ही त्याच्यापेक्षा पुढे गेलात, किंवा त्याची चूक तुम्ही दाखवली, त्या दिवशी कसा वागतो ते आधी बघा. असे प्रसंग यायला काही महिने लागतात, म्हणून ओळखीला वेळ द्या.

आणि एक परिस्थिती अशी आहे जिथे वरचं काहीच लागू होत नाही. जोडीदाराची भीती वाटत असेल, तो हात उगारत असेल, पैसे किंवा बाहेर जाणं रोखत असेल, आणि मध्येमध्ये अतिशय प्रेमानं वागत असेल, तर त्या प्रेमाच्या दिवसांची सरासरी काढू नका. तिथे वही लिहू नका, हाका मोजू नका, आणि जोडीनं समुपदेशनालाही एकदम येऊ नका, कारण बैठकीत जे बोलाल त्याचा जाब घरी विचारला जातो. आधी एकट्या या, किंवा विश्वासातल्या कुणाला सांगून सुरक्षित राहण्याची सोय करा. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. तुम्ही सरळ हाक मारण्यापासून सुरुवात करा. दोन आठवड्यांनी काय झालं ते कळवा, विशेषतः 'अर्ध्या तासात येतो' म्हणून तो किती वेळा आला ते.